शिक्षा लागली, वकील नाही, मग अपील कोण करणार? तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्राचे काम समजून घ्या

कोर्टात निकाल लागतो. न्यायाधीश शिक्षा सुनावतात, पोलीस माणसाला व्हॅनमध्ये बसवतात आणि घरचे लोक कोर्टाच्या आवारात उभे राहतात. त्या दिवशी सगळे एकच बोलतात, "हायकोर्टात जाऊ." पण हायकोर्टात जायचे म्हणजे नेमके काय करायचे, कोणता कागद कोणाकडे द्यायचा आणि किती दिवसांत, हे त्या गर्दीत कोणालाच माहीत नसते. दोन-तीन महिने असेच निघून जातात. खटल्याचा वकील म्हणतो माझे काम संपले, नव्या वकिलाची फी जमत नाही, आणि आतला माणूस समजतो की बाहेर अपील चालू आहे.

या मधल्या काळासाठीच तुरुंगात विधी सहाय्य केंद्र असते. तिथे वकील येतात आणि प्रशिक्षण घेतलेले विधी स्वयंसेवक बसतात. यातले काही स्वयंसेवक बाहेरून येतात, तर काही स्वतःच शिक्षा भोगणारे कैदी असतात. हे केंद्र काय करू शकते, काय करू शकत नाही आणि घरच्यांनी कुठे हात लावला तर काम पुढे सरकते, हे या लेखात पाहू.

येरवड्यातला एक कागद आणि १९७८ चा निकाल

आज कैद्याला अपिलासाठी जे हक्क आहेत त्यातले बरेचसे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून पक्के झाले. एम. एच. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे ते प्रकरण. हॉसकोट प्राध्यापकी करणारे गृहस्थ होते. कर्नाटक विद्यापीठाचे बनावट शिक्के करून घेण्याच्या प्रयत्नाचा आरोप त्यांच्यावर होता. सेशन्स कोर्टाने त्यांना कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली. सरकार हायकोर्टात गेले आणि १९७३ मध्ये हायकोर्टाने ती शिक्षा वाढवून तीन वर्षे सक्तमजुरी केली.

हॉसकोट सुप्रीम कोर्टात पोहोचले, पण चार वर्षांहून जास्त उशिरा. तोपर्यंत शिक्षा भोगूनही झाली होती. उशीर का झाला असे विचारल्यावर ते म्हणाले की निकालाची प्रत मला मिळालीच नाही. हायकोर्टाने प्रत येरवडा तुरुंगाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. तुरुंगाचे म्हणणे असे की कारकुनाने ती कैद्याला दिली होती, पण राज्यपालांकडे शिक्षामाफीचा अर्ज पाठवताना त्याला जोडायला म्हणून परत घेतली. प्रत दिल्याची कैद्याची सही मात्र कुठेच नव्हती.

सुप्रीम कोर्टाने हॉसकोट यांची याचिका फेटाळली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १७ ऑगस्ट १९७८ च्या निकालात पुढच्या सगळ्या कैद्यांसाठी नियम घालून दिले. शिक्षा देणाऱ्या कोर्टाने निकालाची प्रत मोफत द्यावी. प्रत तुरुंगामार्फत आली तर अधीक्षकांनी ती लवकर कैद्याच्या हातात द्यावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी. अपील करायचे असेल तर तुरुंगाने सोय करून द्यावी. कैद्याला वकील परवडत नसेल तर सरकारच्या खर्चाने सक्षम वकील द्यावा.

आजही अपील अडकते ते बहुतेक वेळा याच जागी. कायद्याचा मोठा प्रश्न पुढे येतो, त्याआधी निकालाची प्रत कोणाकडे आहे हाच प्रश्न असतो.

मोफत वकील कोणाला मिळतो?

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ सांगते की जो माणूस कोठडीत किंवा तुरुंगात आहे तो मोफत विधी सेवेला पात्र आहे. इथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. रेशनकार्ड कोणत्या रंगाचे आहे, घर स्वतःचे आहे का, भाऊ दुबईला नोकरीला आहे का, हे कोणी विचारू नये. गुन्हा किती गंभीर आहे यानेही पात्रता बदलत नाही. पात्र ठरायला तुरुंगात असणे पुरे आहे.

हे काम करणारी यंत्रणा तीन पायऱ्यांची आहे. जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते आणि त्याचे ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. हायकोर्टासाठी उच्च न्यायालय विधी सेवा समिती असते आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाची वेगळी समिती आहे. तुरुंगातले केंद्र जिल्हा प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालते. म्हणजे तुरुंगात भरलेला अर्ज जिल्हा प्राधिकरणाकडे जातो, तिथून हायकोर्टाच्या समितीकडे जातो आणि समिती आपल्या यादीतला वकील नेमते.

शिक्षा मॅजिस्ट्रेट कोर्टाने दिली असेल तर अपील साधारणपणे जिल्ह्यातच, सेशन्स कोर्टात होते. तिथे लोकअभिरक्षक कार्यालयाचे वकील मोफत मिळू शकतात. शिक्षा सेशन्स कोर्टाने दिली असेल, किंवा सात वर्षांहून जास्त असेल, तर अपील हायकोर्टात जाते. हायकोर्ट म्हणजे दरवेळी मुंबई नव्हे. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर आणि विदर्भासाठी नागपूर इथे खंडपीठे आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले आहे.

स्वयंसेवक काय करतो, काय करत नाही

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत शिकलेल्या, चांगल्या वर्तनाच्या आणि लांब मुदतीची शिक्षा असलेल्या कैद्यांनाही विधी स्वयंसेवक म्हणून निवडता येते. त्यांना कोर्टाची रचना, अर्ज कसे लिहायचे, मुदती कशा मोजायच्या याचे प्रशिक्षण मिळते. वकील ठरलेल्या दिवशीच येतो. कैदी स्वयंसेवक मात्र रोज बरॅकमध्ये असतो. नवा माणूस कोण आला, कोण रात्री झोपत नाही, कोणाला वाचता येत नाही, हे त्याला आधी कळते.

तो वकील नाही, हे लक्षात ठेवायला हवे. त्याला वकीलपत्र घेता येत नाही, कोर्टात बोलता येत नाही आणि कोणाकडून पैसे घेता येत नाहीत. "तुझी सुटका होईल" असे सांगण्याचाही त्याला अधिकार नाही. आतला किंवा बाहेरचा कोणीही स्वयंसेवक, किंवा विधी सेवेने नेमलेला वकीलसुद्धा, पैसे मागत असेल तर ते चूक आहे आणि त्याची तक्रार जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे करता येते.

स्वयंसेवकाचे काम साधे पण नेमके आहे. निकालाची प्रत हातात आहे का हे पाहणे, नसेल तर तिच्यासाठी अर्ज लिहिणे, शेवटची तारीख मोजणे, वकीलपत्रावर कैद्याची सही किंवा अंगठा घेऊन तुरुंग अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेणे, आणि कैद्याचे म्हणणे तारखांच्या क्रमाने लिहून वकिलाकडे पाठवणे. अपिलाचे मुद्दे वकीलच लिहितो. पण वरच्या गोष्टी नसतील तर वकिलाकडे लिहायला काहीच नसते.

एक प्रकरण पहिल्यापासून पाहू

ही प्रक्रिया तारखांसह समजावी म्हणून एक नमुना प्रकरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी खरी आहे.

मराठवाड्यातल्या एका गावात जमिनीच्या वादातून मारामारी झाली. चार जणांवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. आपला माणूस सुरुवातीला पाच महिने आत होता, मग जामिनावर सुटला आणि खटला संपेपर्यंत बाहेर राहिला. १० जानेवारी २०२५ रोजी अतिरिक्त सेशन्स न्यायाधीशांनी चौघांना सात वर्षांची शिक्षा दिली. तिथूनच त्याला तुरुंगात नेले.

निकालाची मोफत प्रत त्याच दिवशी कोर्टात मिळाली. ती भावाने घेतली आणि खटल्याच्या वकिलाकडे ठेवली. वकिलाने अपिलाची फी सांगितली. भाऊ पैसे जमवू लागला. इकडे २५ जानेवारीला त्या माणसाला जिल्हा कारागृहातून मध्यवर्ती कारागृहात हलवले. नव्या तुरुंगात त्याच्याबरोबर वॉरंट आले, निकालाची प्रत आली नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्वयंसेवकाने त्याला विचारले, "वकील आहे का?" तो म्हणाला, "आहे, भावाने केलाय." अशा वेळी नोंदवहीत 'खासगी वकील' असे लिहून पुढे गेले की माणूस यादीतून बाहेर पडतो आणि महिनोन्‌महिने त्याच्याकडे कोणी बघत नाही. जाणत्या स्वयंसेवकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अपिलाचा नंबर सांग." अपील दाखल झाले असेल तर त्याला नंबर असतोच. नंबर नाही म्हणजे अपील नाही. इथे नंबर नव्हता. भावाला फोन केल्यावर खरे काय ते कळले. अजून फी दिलेली नव्हती आणि वकील प्रत परत द्यायला टाळाटाळ करत होता.

आता दिवस मोजायला हवेत. सेशन्स कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायला ६० दिवस मिळतात. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सेशन्स कोर्टात अपील करायला ३० दिवस, आणि फाशीच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात जायलाही ३० दिवसच असतात. निकालाचा दिवस धरायचा नाही. १० जानेवारीपासून मोजले तर साठावा दिवस ११ मार्चला येतो.

स्वयंसेवकाने नव्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज लिहून घेतला आणि तो जिल्हा प्राधिकरणामार्फत ६ फेब्रुवारीला कोर्टात गेला. प्रत २० फेब्रुवारीला तयार झाली. प्रमाणित प्रतीच्या शेवटच्या पानावर शिक्का असतो. त्यात अर्ज कधी आला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखा असतात. लोक ते पान बघतही नाहीत, पण मुदत मोजताना तेच पान कामाला येते. कारण अपिलाला जोडायची प्रत मिळवायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. इथे दोन्ही तारखा धरून १५ दिवस झाले. म्हणजे शेवटची तारीख ११ मार्चवरून २६ मार्चवर गेली.

दरम्यान भावाने आपल्या मोबाईलमधले निकालाचे फोटो पाठवले. ते कोर्टात चालत नाहीत, पण वकिलाला वाचून तयारी सुरू करायला पुरेसे असतात. फेब्रुवारीअखेर हायकोर्टाच्या समितीने वकील नेमला. वकिलाने व्हिडिओ कॉलवर कैद्याशी बोलून घेतले. १८ मार्चला अपील आणि त्याबरोबर शिक्षा स्थगित करून जामीन द्यावा असा अर्ज दाखल झाला. आता नंबर मिळाला, आणि स्वयंसेवकाने तो नंबर कैद्याच्या कार्डावर लिहिला.

अपिलात काय सांगायचे?

कैदी पहिल्या भेटीत जे सांगतो ते बहुतेकदा अपिलाच्या कामाचे नसते. "मी त्या दिवशी गावातच नव्हतो," असे आपला माणूस म्हणाला. पण खटल्यात त्याच्या वकिलाने हे कधी मांडले नव्हते, एकही साक्षीदार आणला नव्हता. अपील म्हणजे खटला नव्याने चालवणे नाही. खालच्या कोर्टासमोर जे साक्षीपुरावे आले त्यांवरून तो निष्कर्ष निघतो का, हे वरचे कोर्ट तपासते. नवा पुरावा घ्यायची तरतूद आहे, पण ती अगदी क्वचित वापरली जाते.

म्हणून प्रशिक्षित स्वयंसेवक निकालपत्र समोर ठेवून प्रश्न विचारतो. जखमी माणसाने पोलिसांना पहिल्यांदा जबाब दिला तेव्हा तुझे नाव घेतले होते का? डॉक्टरांनी जखमेबद्दल काय सांगितले? हत्यार कोणाकडून जप्त झाले आणि जप्तीचे पंच कोर्टात फितूर झाले का? न्यायाधीशांनी शेवटी तुला प्रश्न विचारले तेव्हा हा पुरावा तुझ्यासमोर ठेवला होता का?

आपल्या प्रकरणात तीन गोष्टी निघाल्या. पहिल्या जबाबात जखमीने दोघांचीच नावे घेतली होती, आपल्या माणसाचे नाव आठ दिवसांनी आले. गंभीर जखम धारदार हत्याराची होती, आणि आपल्या माणसाच्या हातात काठी होती असे सरकारी पक्षच म्हणत होता. काठी जप्त केल्याचे दोन्ही पंच फितूर झाले होते. हे सगळे निकालपत्रातच होते. "मी निर्दोष आहे" असे दहा पाने लिहिण्यापेक्षा हायकोर्टाच्या वकिलाला या तीन ओळी जास्त उपयोगी पडतात.

निकाल ज्या भाषेत आहे ती कैद्याला येत नसेल तर? निकाल इंग्रजीत असतो किंवा मराठीत, आणि आपल्याकडच्या एखाद्या बुजुर्गाला फक्त उर्दू वाचता येते. कायद्यात याचीही सोय आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ नुसार आरोपीने अर्ज केला तर प्रमाणित प्रत, किंवा शक्य असेल तर त्याच्या भाषेतले भाषांतर मिळते, आणि अपील करता येण्यासारखा निकाल असेल तर ते मोफत असते. भाषांतराला वेळ लागतो. तोवर स्वयंसेवकाने वाचून सांगायचे, पण अर्ज करून ठेवायचा.

"अपील केलं तर शिक्षा वाढेल"

ही भीती बरॅकमध्ये खूप असते आणि तिच्यापायी लोक सही करत नाहीत. शिक्षा झालेल्या माणसाने स्वतः केलेल्या अपिलात कोर्ट त्याची शिक्षा वाढवू शकत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. शिक्षा वाढवून हवी असेल तर सरकारने त्यासाठी वेगळे अपील करावे लागते, आणि तेव्हाही आरोपीला आपली बाजू मांडायची संधी मिळते. हॉसकोट यांची शिक्षा वाढली ती सरकार हायकोर्टात गेले म्हणून.

दुसरा गैरसमज असा की मुदत गेली म्हणजे सगळे संपले. मुदत गेली तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागतो. त्यात उशिराचे खरे कारण तारखांसह लिहायचे. प्रत मिळाली नाही, तुरुंग बदलला, वकिलाने सांगितलेच नाही, घरात कोणी पाहणारे नव्हते, जे असेल ते. तुरुंगातल्या नोंदींचा उतारा जोडला तर हे म्हणणे बळकट होते. कोर्ट कैद्याच्या उशिराकडे कोठडीतला माणूस म्हणून पाहते, पण कारण न देता "गरिबीमुळे" एवढेच लिहिले तर अर्ज कच्चा राहतो.

वकील मिळायच्या आधीही एक रस्ता खुला असतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ नुसार कैदी आपले अपील निकालाच्या प्रतीसह तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे देऊ शकतो आणि अधिकाऱ्याने ते वरच्या कोर्टाकडे पाठवायचे असते. याला जेल अपील म्हणतात. अपिलाची मुदत संपायच्या आत कोर्टाला असे अपील सुरुवातीलाच फेटाळता येत नाही. मुदत संपायला दोन-तीन दिवस उरले असतील आणि वकील नेमला गेला नसेल तर हा मार्ग धरावा. अर्ज देताना पोच घ्यावी, त्यावर तारीख असावी.

अपील पडून राहते, तोवर माणूस आतच का?

हायकोर्टात फौजदारी अपिले वर्षानुवर्षे थांबतात. सात वर्षांची शिक्षा असलेल्या माणसाचे अपील सात वर्षांनी ऐकले तर त्याचा उपयोग काय? म्हणून अपिलाबरोबर शिक्षा स्थगितीचा अर्ज हवा. तो कलम ४३० खाली होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि माणूस जामिनावर असेल तर अपील करेपर्यंतचा जामीन शिक्षा देणारे कोर्टच देऊ शकते. तो त्याच दिवशी मागायचा असतो. आपल्या प्रकरणात शिक्षा सात वर्षांची, त्यामुळे हायकोर्टातच जावे लागले.

शिक्षा ठरावीक वर्षांची असेल तर स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा, असे सुप्रीम कोर्टाने भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात १९९९ मध्ये सांगितले आहे. खटल्यादरम्यान माणूस जामिनावर होता आणि त्याने तो मोडला नाही, ही गोष्ट अर्जात ठळक यायला हवी. जन्मठेपेत स्थगिती मिळणे बरेच कठीण असते.

स्थगितीचा हुकूम झाला तरी माणूस लगेच बाहेर येत नाही. जामीनदार लागतो, त्याचे सातबारा किंवा पगाराची स्लिप लागते, आणि कागद सहसा शिक्षा देणाऱ्या कोर्टात द्यावे लागतात. हुकूम हातात असूनही जामीनदार मिळत नाही म्हणून माणसे आठवडे-महिने आत राहतात. अशा वेळी स्वयंसेवकाने वकिलाला कळवायचे असते, म्हणजे रक्कम कमी करण्याचा किंवा जामीनदाराची अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो.

सुटल्यावरही अपील संपलेले नसते. पत्ता किंवा फोन बदलला तर वकिलाला सांगावे. अपील फेटाळले गेले तर उरलेली शिक्षा भोगायला हजर व्हावे लागते. तेव्हा आधी आत काढलेले दिवस, आपल्या प्रकरणातले सुरुवातीचे पाच महिनेसुद्धा, शिक्षेतून वजा होतात. ती वजावट वॉरंटवर बरोबर लिहिली आहे का, हेही केंद्रात तपासून घेता येते.

यंत्रणा कुठे कमी पडते

सुहास चकमा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला. त्या सुनावणीच्या काळात अपील न केलेल्या कैद्यांशी बोलून मोफत वकिलाची माहिती दिली गेली, तेव्हा सुमारे ८७० शिक्षा झालेल्या कैद्यांनी अपील करायची इच्छा सांगितली. हक्क आधीपासूनच होता. तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. म्हणून कोर्टाने तुरुंगातल्या केंद्रांवर नियमित देखरेख ठेवायला सांगितले. शिक्षेच्या निकालाबरोबर पहिल्या पानावरच मोफत विधी सहाय्याची माहिती जोडावी, असा नियम करण्याचा विचार हायकोर्टांनी करावा, असेही सुचवले.

केंद्र कागदावर असणे आणि चालू असणे यात फरक आहे, आणि तो ओळखता येतो. आतल्या माणसाला विचारा, गेल्या महिन्यात वकील किती वेळा आला? अर्जाची पोच मिळाली का? अपिलाचा नंबर आणि वकिलाचे नाव माहीत आहे का? तीन प्रश्नांना "नाही" असेल तर वाट बघत बसू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात लेखी अर्ज द्या किंवा १५१०० या टोल फ्री नंबरवर फोन करा. अर्ज आई, पत्नी, भाऊ कोणीही देऊ शकतो. नेमलेला वकील भेटत नसेल, बोलत नसेल, तर वकील बदलून द्या असाही अर्ज करता येतो.

घरच्यांनी काय करायचे

निकालाच्या दिवशी मिळालेली प्रत कोणाकडेही ठेवायच्या आधी तिच्या दोन झेरॉक्स काढा आणि एक मुलाकातीच्या वेळी तुरुंगाच्या परवानगीने आत पोहोचवा. त्या दिवसापासूनचा तिसावा आणि साठावा दिवस कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा. खासगी वकील करणार असाल तर खुशाल करा, मोहल्ल्यातून किंवा जमातीकडून मदत जमत असेल तर तीही घ्या. पण पैसे दिल्यानंतर पंधरा दिवसांत अपिलाचा नंबर मागा आणि तो eCourts Services ॲपवर किंवा हायकोर्टाच्या वेबसाईटवर टाकून पाहा. तिथे प्रकरण दिसत नसेल तर अपील दाखल झालेले नाही. पैसे जमेपर्यंत थांबायचे असेल तर आतल्या माणसाला तसे स्पष्ट सांगा, म्हणजे तो केंद्रात "माझा वकील आहे" असे सांगणार नाही.

घरातल्या पेटीत एक कागद नक्की शोधा, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. घटनेच्या दिवशी मुलगा अठरा वर्षांच्या आतला होता असे त्यावरून दिसत असेल, तर ते कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर मांडता येते, अपिलातही आणि निकाल कायम झाल्यानंतरही. खटल्यात ते कोणी मांडले नाही म्हणून हक्क जात नाही. तुरुंगातल्या स्वयंसेवकाला हा कागद दिसू शकत नाही. तो तुमच्याच घरात असतो.

पुढच्या मुलाकातीला जाल तेव्हा तब्येत, घरची खुशाली, मुलांची शाळा हे सगळे बोला. उठायच्या आधी एवढेच विचारा, "निकालाची कॉपी तुझ्या हातात आहे का, आणि अपिलाचा नंबर काय?"